शेवटून दुसरा विषय

नंदुरबारकडच्या सहकारी संस्थांच्या विषयपत्रिकेत पहिला मान मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा, शेवटचा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयां’चा. कर्जाचा अवघड ठराव मात्र हटकून त्याच्या अलीकडे, जेवणाचा वास दालनात शिरतो तेव्हा. पार्किन्सन या लेखकाने १९५७ मध्येच दाखवले होते, की समितीच्या बैठकीत अणुभट्टी झटक्यात मंजूर होते आणि सायकलींच्या शेडवर खल चालतो, कारण शेड सगळ्यांना कळते. म्हणून कर्जाचा ठराव सुरुवातीलाच घ्यावा, गणपूर्ती आहे आणि डोकी ताजी आहेत तोवर. धडगावचे संचालक घाट उतरून उशिरा पोहोचतात, हा आक्षेप खरा. त्यासाठी दोन किरकोळ विषय आधी ठेवा, बारा नकोत. छोट्या होकारांनी मोठा होकार सोपा होतो, असेही म्हणतात. होतो ना, म्हणूनच तर तो क्रम अध्यक्षांना आवडतो.