साठ सेकंदांचे मालक

सरमकुंडी फाट्यावर, कुंथलगिरीच्या वाटेवर किंवा भूमच्या बाजारपेठेत पेढ्याचं दुकान चालवणारा एक मालक असतो. हा कोणी एक माणूस नाही, ही जात आहे. वय पंचेचाळीस ते साठ, कपाळाला गंध, खिशात दोन फोन. अलीकडे त्याला मुलानं किंवा भाच्यानं पटवून दिलेलं असतं, की एक मिनिटाचा व्हिडिओ काढल्याशिवाय धंदा वाढत नाही. व्हिडिओवाला म्हणतो, ‘मालक, आधी स्क्रिप्ट द्या, सीनप्रमाणे टायमिंग टाकून.’ मग रात्री गल्ला मोजून झाल्यावर मालक उधारीच्या वहीचं मागचं पान उघडतात आणि आयुष्यात पहिल्यांदा सेकंदांत विचार करायला बसतात. या वहीच्या पानावर जे उतरतं, ते वाचलं तर मालकाविषयी जेवढं कळतं, तेवढं त्याच्या आयकर विवरणपत्रातूनही कळणार नाही. माझं म्हणणं असं, की ही स्क्रिप्ट फसते ती मालकाला धंदा कळत नाही म्हणून नव्हे. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं हे त्याला उत्तम येतं. पण हातात पेन आलं, की तो गिऱ्हाइकाशी बोलायचं सोडून रुसणाऱ्या लोकांशी बोलू लागतो.

पुरावा समासात आहे. मालकानं डाव्या बाजूला ओळीनं वेळा टाकलेल्या असतात: ०:०० ते ०:१०, ०:१० ते ०:२०, असे सहा सीन, प्रत्येकाला दहा सेकंद. बापानं सहा मुलांत रान वाटावं तशी ही वाटणी. कोणाची जमीन काळी, कोणाची खडकाळ, ते बघायचं नाही; वाटा सारखा आला म्हणजे भांडण मिटलं. पण शब्द काही वाटणी मानत नाहीत. सावकाश, पण न रेंगाळता वाचलं, तर मराठीत मिनिटाला साधारण एकशे वीस-तीस शब्द बसतात, म्हणजे सेकंदाला दोन. दहा सेकंदांच्या वाट्याला वीस शब्द आले. आता मालकाचा पहिला सीन बघा:

०:०० ते ०:१० (तुळजाभवानीचा फोटो, मग दुकानाची पाटी). ‘आई तुळजाभवानीच्या कृपाशीर्वादाने व वडीलधाऱ्यांच्या पुण्याईने आमच्या आजोबांनी लावलेल्या छोट्याशा रोपट्याचे आज वटवृक्षात रूपांतर झाले असून, आपल्या सर्वांच्या प्रेमामुळे, विश्वासामुळे आणि सहकार्यामुळे आम्ही आज आपल्या सेवेत नव्या जोमाने, नव्या रूपात व भव्य दालनासह रुजू होत आहोत.’

हे छत्तीस शब्द झाले, आणि त्यांतले बरेचसे चांगले लांबलचक. दहा सेकंदांच्या जागेत अठरा-वीस सेकंदांचा ऐवज. यात आई आहे, आजोबा आहेत, वटवृक्ष आहे, पेढा नाही. तो येतो थेट तिसऱ्या सीनमध्ये, तोही ‘विविध प्रकारचे स्वादिष्ट मिष्टान्न’ या नावानं, ओळखू येऊ नये असा. दुसरा सीन सत्काराचा असतो. उद्घाटनाला आलेले पुढारी, जागामालक, थोरले मेव्हणे आणि ज्यांचं नाव राहिलं तर दिवाळीला घरी येणार नाहीत असे दोन चुलते. चौथ्या सीनमध्ये ‘जागतिक मानांकन प्राप्त’ असं ठोकलेलं असतं. खरी गोष्ट अशी, की कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते खव्याला आहे, मालकाच्या बालुशाहीला नाही. शिवाय १९९९ च्या कायद्याप्रमाणे ते नाव मानांकनाच्या खुणेसह मिरवायचं, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. मालकानं नोंद केली असेल तर हे त्याच्या हातातलं सगळ्यात मोठं भांडवल आहे. नसेल तर हा सीन गुपचूप खोडलेला बरा. पाचवा सीन आकड्यांचा. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि त्याच्यामागे दोन्ही फोनचे नंबर. मिळून चौतीस आकडे, तेही आवाजात. ऐकणारा माणूस मोटारसायकलवर असो की स्वयंपाकघरात, चौदातला चौथा आकडा येईपर्यंत पहिला विसरलेला असतो. एवढं सगळं मिळून अडीचशे-तीनशे शब्द होतात, आणि मालक पानाच्या तळाशी समाधानानं लिहितात: एकूण वेळ १ मिनिट.

यावर मालकाचा पहिला बचाव ठरलेला असतो: ‘जरा फास्ट वाचायचं.’ रेकॉर्डिंगवालाही नाही म्हणत नाही, कारण त्याला सीनप्रमाणे नव्हे, कामाप्रमाणे पैसे मिळतात. पण ‘कृपाशीर्वादाने’ हा शब्द पळवता येत नाही. पळवला तर त्यातली निम्मी अक्षरं वाटेत सांडतात. निवडणुकीच्या जीपवरचा माणूस वेगानं बोलतो हे खरं, मात्र त्याला एकच नाव आणि एकच चिन्ह डोक्यात घालायचं असतं आणि ते तो दिवसभर, गल्लोगल्ली, शंभरदा सांगतो. मालकाचा व्हिडिओ माणूस एकदा बघणार, तेही अंगठा पुढं सरकेपर्यंत.

दुसरा बचाव मात्र वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मालक म्हणतात, आमच्याकडं धंदा ओळखीवर चालतो. दूध घालणारा, उधारी देणारा, लग्नाची ऑर्डर आणणारा, हे सगळे नात्यागोत्यातले. त्यांची नावं घेतली तर पैसा येतो, सेकंद मोजून येत नाही. हे खरंच आहे. लग्नपत्रिकेवर निमंत्रकांची पलटण छापणारा समाज काही वेडा नाही. छापलेल्या प्रत्येक नावामागं एक हिशेब असतो. माझा आक्षेप नावांना नाही, त्यांच्या जागेला आहे. या मंडळींना पेढा काय असतो हे समजावून सांगायची गरज नाही, ते तो लहानपणापासून फुकट खात आलेत. त्यांच्यासाठी उद्घाटनाचा वेगळा व्हिडिओ करा, दहा मिनिटांचा करा, हार घालताना प्रत्येकाचा चेहरा दाखवा. ते शेवटपर्यंत बघतील, आपण दिसेपर्यंत तरी नक्कीच. एक मिनिटाचा व्हिडिओ लागतो तो सोलापूर-धुळे रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला. कुंथलगिरीला दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूला. त्याला चुलत्यांशी देणंघेणं नाही. त्याचे प्रश्न तीन: यात काय आहे, किती दिवस टिकेल, आणि दुकान रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे. मालकाच्या तीनशे शब्दांत या तिन्हींचं उत्तर नसतं.

आणि गंमत इथंच आहे, कारण हीच उत्तरं मालक गल्ल्यावर बसून दिवसातून पन्नासदा देतात. गाडीतून उतरलेल्या बाईंच्या तळहातावर पेढ्याचा तुकडा ठेवायचा, ‘खाऊन बगा ताई, मग घ्या’ म्हणायचं, त्या चावतायत तोवर ‘सकाळचाच खवा हाये, फ्रिजात ठिवा’ एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. पंधरा सेकंदांत सौदा. एकही शब्द जादा नाही, आणि गप्प कधी बसायचं हे तर शहरातल्या जाहिरातवाल्यांनी शिकून घ्यावं असं. पण हे बोलणं लिहिण्याच्या लायकीचं असतं, असं त्यांना कोणी कधी सांगितलेलं नाही. कागद म्हटला की तो अर्जाचा, नाहीतर पत्रिकेचा; तिथं ‘सहर्ष’ आणि ‘रुजू’ हेच शब्द चालतात, अशी त्यांची पक्की समजूत असते. ‘आपली गावंढळ भाषा पुण्याच्या माणसाला कशी चालंल?’ हा त्यांचा तिसरा बचाव. पुण्याच्या माणसानं पेढा त्याच भाषेत विकत घेतलेला असतो आणि पैसेही दिलेले असतात, एवढं उत्तर पुरावं.

म्हणून या मालकाची स्क्रिप्ट दुरुस्त करायची तर त्याच्या हातून पेन काढून घ्यावं, फोनवर रेकॉर्डिंग चालू करावं आणि त्याला गिऱ्हाईक करू द्यावं. मग ऐकून उतरवून काढावं. ते साधारण असं निघेल:

०:०० ते ०:०७ (भट्टीवरची कढई, उलथण्यावरचा हात). ‘या कढईत पाच लिटर दूध ओतलंय. आटून खाली उतरेल साधारण किलोभर खवा.’
०:०७ ते ०:२० (दूध घट्ट होताना). ‘हात थांबला की दूध तळाला लागतं, आणि तो करपट वास मग पेढ्यातूनही जात नाही. म्हणून आमच्याकडं भट्टीवरचा माणूस फोन उचलत नाही.’
०:२० ते ०:३४ (पेढ्याचं ताट, त्यावरची चिठ्ठी). ‘यात दूध, साखर आणि वेलदोडा, चौथं काही नाही. किती तारखेपर्यंत खायचा ते ताटावर लिहिलंय. उन्हाळ्यात घरी पोचल्याबरोबर फ्रिजात ठेवा.’
०:३४ ते ०:४४ (तळहातावर तुकडा). ‘आधी चव बघा. आवडला तर पाव किलोपासून घ्या. नाही आवडला तरी पाणी पिऊन जा.’
०:४४ ते ०:५५ (रस्ता, फाटा, पाटी). ‘सोलापूरहून बीडकडं जाताना सरमकुंडी फाट्यावर, डाव्या हाताला, निळी पाटी.’ आणि दुकानाचं नाव.

शब्द ऐंशीच्या आत, सीन आखूड-लांब, आणि उरलेल्या जागेत उलथणं कढईच्या तळाला घासल्याचा आवाज, ज्याच्यापुढं भाड्यानं आणलेली सनई फिकी. ताटावरच्या चिठ्ठीचं म्हणाल, तर सुट्या मिठाईवर ‘या तारखेपूर्वी खा’ असं लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचंच आहे. कॅमेरा फक्त तिकडं वळवायचा. परवान्याचा क्रमांक आणि एकच फोन नंबर शेवटच्या पाच सेकंदांत पडद्यावर छापावा, तोंडानं म्हणू नये. भावाचंही तसंच. मालक भाव सांगायला तयार नसतात, कारण दुधाचा दर बदलला की व्हिडिओ खोटा पडतो. ही अडचण खरी आहे. पण आवाज बदलायचा तर सगळं पुन्हा रेकॉर्ड करावं लागतं आणि पडद्यावरची पट्टी पाच मिनिटांत बदलते, म्हणून भाव पट्टीवर टाकावा. भाव लपवलेल्या दुकानापाशी परका माणूस गाडी हळू करतो, थांबवत नाही.

मालकाच्या मूळ स्क्रिप्टमधलं एक वाक्य मात्र खोडू नये. सहाव्या सीनच्या शेवटी, सगळा वेळ संपल्यावर, जाड अक्षरांत अधोरेखित केलेलं ते असतंच: ‘आमची कोठेही शाखा नाही.’ शहाणी मंडळी याला हसतात. पण अख्ख्या पानावर गिऱ्हाइकाच्या कामाची माहिती देणारं हेच एक वाक्य आहे. एका फाट्यावर एकाच नावाची, एकाच आडनावाची दुकानं असली, तर यात्रेकरूला नेमकं हेच हवं असतं. दोन सेकंदांत म्हणून होतं, ०:५५ ला आरामात बसतं. अडचण एवढीच, की शेजारच्या दुकानावर, जिथं मालकांचे सख्खे धाकटे भाऊ बसतात, तिथंही हेच लिहिलेलं असतं. तेव्हा ‘डाव्या हाताला, निळी पाटी’ एवढं त्याच्याआधी दोनदा म्हणून घ्यावं.