पालथ्या बाळावर पाणी

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये जन्मलेल्या बाळाला जमीन तशी उशिराच भेटते. आधी पाळणा, मग पलंग, मग कुणाची तरी मांडी, आणि मांड्यांची आपल्याकडे कधी टंचाई नसते. आमच्या नातीला मुलीने पहिल्यांदा सतरंजीवर पालथं घातलं तेव्हा ती दीड महिन्याची होती. तिने असा काही सूर लावला की खालच्या मजल्यावरच्या काकू ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारायला वर आल्या आणि चहा घेऊनच गेल्या.

‘टमी टाइम’ हा शब्द घरात आला तो सहा आठवड्यांच्या डोसच्या दिवशी. डॉक्टरांनी पेंटाव्हॅलेंटची सुई मांडीत टोचली, नातीला पालथं घालून मान बघितली आणि म्हणाले, “रोज जागेपणी पोटावर ठेवत जा.” मांडी दुखरी असेल त्या दिवशी नाही, हे मात्र त्यांनी वेगळं सांगितलं. आजीचं मत चटकन तयार झालं: “रडतंय लेकरू, तर कशाला छळायचं? आमच्या वेळी नव्हती ही थेरं.”

आता आजीचं म्हणणं अर्धं खरं आहे. हे प्रकरण बऱ्याच अंशी परदेशातून आलं. तिकडे पूर्वी बाळांना पोटावर झोपवायचे. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा आणि पालथ्या झोपेचा संबंध लक्षात आल्यावर 1992 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पोटावर झोपवू नका असं सांगितलं. 1994 पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम झाली आणि असे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. पण चोवीस तास पाठीवर राहिलेल्या पोरांची डोकी मागून चपटी होऊ लागली आणि मानाही उशिरा धरल्या जाऊ लागल्या. म्हणून मग जोडवाक्य आलं, की झोपायचं पाठीवर आणि खेळायचं पोटावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथं ठेवावं असं आहे. ‘मिळून’ हा शब्द आमच्याकडे कुणी नीट वाचला नव्हता. घरात अर्ध्या तासाचा उल्लेख ऐकूनच आजीने डोळे मिटले.

कोडं सोडवलं ते मालिशवाल्या मावशींनी. त्या कोपरहून चालत येत. मोरीत पाटावर बसून पाय लांब करायच्या, पोरगी पायावर घ्यायच्या, आधी उताणी आणि मग पालथी. दोन नडग्यांच्या खोबणीत छाती टेकलेली, तोंड बाजूला मोकळं, एक हात ढुंगणावर दाबून ठेवलेला आणि दुसऱ्या हाताने पाठीवर कोमट पाणी. आणि कार्टी गप्प! उलट मान उचलून बादलीकडे बघायची. मी दारातून म्हटलं, “मावशी, ही तुमच्याकडे पालथी रडत कशी नाही?” मावशींनी पाठीवर आणखी एक तांब्या ओतला. “काका, पोरगी पोटावर रडत नाही, तुमच्या जमिनीवर रडते.”

मला वाटतं यात सगळं आलं. (मावशी नाकात तेल सोडायला निघाल्या तेव्हा मात्र आम्ही त्यांना थांबवलं. मोरीतलं सगळंच शहाणपण घ्यायचं नसतं.)

पुढे मुलगी ठाण्याला एका बाल-फिजिओथेरपिस्टकडे गेली, तेव्हा मावशींच्या वाक्यामागचं यंत्रशास्त्र कळलं. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या लांबीच्या जवळजवळ पाव हिश्श्याइतकं असतं. म्हणजे पालथं घातलं की सगळा भार पुढे, छातीवर आणि गालावर. मान उचलायची तर मागे काहीतरी टेकलेलं हवं, आणि त्याचं ढुंगण तर पिसासारखं हलकं. आपण तिथे तळवा ठेवून हलका दाब दिला की भार मागे सरकतो आणि डोकं वर येतं. मावशींचा तो ढुंगणावरचा हात हेच करत होता. शिवाय जमीन सपाट. सपाट जागेवर मानेला पुरतं वजन उचलावं लागतं. तीच छाती थोडी उंच आणि ढुंगण खाली असेल तर वजन तेवढंच, पण उचलायचं काम कमी. म्हणून रडणाऱ्या बाळाचं वेळापत्रक मिनिटांनी नाही, उताराने ठरवायचं.

आणि उतारासाठी आमच्याकडे एक आरामखुर्ची होती. कापडी, सागवानी, मागे तीन खाचांची. माझ्या वडिलांची. मुलीने तिची सूत्रं माझ्याकडे दिली, कारण घरात दिवसभर आडवं पडण्याचा अनुभव माझ्याइतका कुणालाच नव्हता.

पहिल्या खाचेत मी जवळजवळ ताठ. नात माझ्या छातीवर, पोटाला पोट लावून, मध्ये मलमलचा एक पदर, कारण डोंबिवलीच्या दमट हवेत छातीला छाती लागली की दोघंही घामाघूम होतात आणि मग ते रडू पालथेपणाचं असतं की उकाड्याचं ते कळत नाही. पंखा चालू. ती माझी हनुवटी बघायची म्हणून मान उचलायची, दोन क्षण झुलवायची, धपकन टेकवायची. तान्ह्या बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं. माझी हनुवटी नेमकी तेवढ्यात येत होती. या खाचेत ती रडेनाशी झाली तेव्हा दुसरी खाच, मग तिसरी. शेवटी मी पलंगावर सपाट आणि ती माझ्यावर. एकच पथ्य, आणि ते आजीने दारावर चिठ्ठी चिकटवून पाळायला लावलं: मोठ्या माणसाला डुलकी येता कामा नये. बाळ छातीवर घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर झोपून जाणं फार धोक्याचं. दुपारी जेवणानंतर माझी ड्यूटी त्यामुळे कायमची रद्द झाली.

खुर्चीबरोबर मांडीवरचा प्रयोग चालूच होता. मुलगी पाय पसरून बसायची, बाळ दोन्ही मांड्यांवर आडवं, डोक्याकडचा गुडघा बोटभर उंच, तळवा ढुंगणावर. म्हणजे मावशीच, फक्त कोरड्या. इथे पोरगी मिनिट-दीड मिनिट टिकायची. लगेच उचलायचं, आणि तासाभराने परत.

मग जमीन. पलंग नाही, गादी नाही; मऊ गादीत कोपर रुततात आणि नाकही रुततं. सतरंजीवर घट्ट शिवलेली गोधडी. अंगाला तेल लागलेलं असेल तर हात घसरतात, म्हणून मालिशच्या आधीच. मोजे काढायचे, बाह्या वर. जुना पंचा गुंडाळून अडीच-तीन इंचांची वळकटी करायची आणि ती काखेखालून छातीशी ठेवायची. दोन्ही हात वळकटीच्या पुढे, हनुवटी मोकळी. ही वळकटी म्हणजे खुर्चीची राहिलेली अर्धी खाच. बाळाने कोपरावर भार घ्यायला सुरुवात केली की पंच्याची घडी एकेक कमी करायची.

आणि बाळाला वरून, हवेतून पोटावर टेकवायचं नाही. दचकतं, हात फाकवतं आणि तिथेच भोंगा सुरू. उताणं ठेवायचं, कुशीवर वळवायचं, क्षणभर तिथेच थांबायचं, मग हळूच पालथं आणि अडकलेला हात सोडवायचा. उचलतानाही याच वाटेने परत. आमच्या पोरीचं निम्मं रडू एवढ्यानेच गेलं.

समोर काय ठेवायचं यावर घरात मतभेद होते. कल्याणच्या आत्याने गाणारा हत्ती पाठवला होता. पण हत्तीपेक्षा भिंतीला टेकवलेलं स्टीलचं ताट चाललं. त्यात एक गोल, टकलं तोंड दिसायचं. कधी तिचं, कधी माझं. कारण ताटाच्या बाजूला मीही पालथा पडलेलो असायचो. तिच्या नजरेच्या पातळीला माणसाचा चेहरा आला की ती जास्त टिकते. माझी मान मात्र तिच्या आधी दुखायची, आणि उठायला आजीचा हात लागायचा.

आता रडण्याबद्दल. हा सगळा खेळ रडू ओळखण्याचा आहे. आधी येते कुरकुर: चेहरा लाल, कण्हणं, पण मान वर जाते आहे, डोळे फिरताहेत. हे कष्ट आहेत, दुःख नाही. इथे धावायचं नाही. ढुंगणावर हात ठेवायचा, तोंड जवळ न्यायचं, बोलायचं. मग नाक गोधडीवर घासणं, मूठ तोंडात कोंबणं, मान खाली ती खालीच. वेळ संपली. उचलायचं ते इथे, भोकाड पसरण्याच्या आधी. भोकाड पसरल्यावरच उचललं तर बाळ पुढच्या वेळी थेट भोकाडापासून सुरुवात करतं, असं त्या फिजिओबाईंचं म्हणणं, आणि आमच्या पोरीने ते खरं करून दाखवलं. सुरुवातीला हा काळ अर्ध्या मिनिटाचा असला तरी चालतो. दर वेळी दुपटं बदललं की एकदा पालथं. दिवसात किती दुपटी बदलतात ते कुठल्याही आजीला विचारा, अर्धा तास भरायला वेळ लागत नाही. भूक लागलेली असताना नाही, दूध पिऊन लगेच नाही; ढेकर काढून निदान अर्धा तास जाऊ द्यायचा. झोप आली की लगेच उताणं. आणि पालथ्या बाळाला सोडून दारावरच्या कुरिअरवाल्याकडेसुद्धा जायचं नाही.

मध्येच आजीने मोहरीची उशी शिवून आणली. डोकं गोल व्हावं म्हणून. उशी सुंदर होती, किनारीला जरीची पट्टी. पण लहान बाळाच्या झोपेत कुठलीच उशी नको, आणि डोक्यावरचा दाब कमी होतो तो डोकं गादीवरून उचललेलं असताना, मोहरीने नाही. उशी सध्या माझ्या कमरेखाली असते.

फिजिओबाईंनी काही गोष्टी मात्र सवयीवर सोडू नका म्हणून बजावलं होतं. बाळ सतत एकाच बाजूला मान वळवत असेल, मानेच्या बाजूला गाठ लागत असेल, एका बाजूने डोकं चपटं होत चाललं असेल, अंग फार ढिलं किंवा फार ताठ लागत असेल, दूध प्यायल्यावर दर वेळी कमान करून किंचाळत असेल, किंवा चार महिने होऊनही मान धरत नसेल, तर ताट आणि पंचा बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. लवकर जन्मलेल्या बाळाचे महिने ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. दहा आणि चौदा आठवड्यांच्या डोसला तसंही जायचंच असतं. तिथे पालथं घालून दाखवायला सांगावं. चौदाव्या आठवड्याला आमची नात तपासणीच्या टेबलावर कोपरांवर उभी राहिली आणि तिने डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपला लाळ लावली.

पाचव्या महिन्यात ती आपली आपण पालथी पडली. आजीने पेढे आणले. त्यानंतर नवं रडू सुरू झालं: पालथं पडता येतं, पण उताणं होता येत नाही, आणि एक हात छातीखाली अडकलेला. आता ती मध्यरात्रीसुद्धा वळते, म्हणून दुपट्यात घट्ट बांधणं बंद झालं आहे, झोपवताना उताणंच झोपवतो आणि पलंगाऐवजी सगळेच खाली गादी टाकून झोपतो. मावशींचं येणं संपलं, आरामखुर्ची पुन्हा माझी आहे, पण तिसऱ्या खाचेत बसलं की आजी अजून ओरडते, “डोळे उघडे!”