आंधळ्या हाताचा कारभार

हा खेळ खेळायचा तर काचेची बरणी घेऊ नये. आतलं दिसलं की हात लबाडी करतो. माझी आत्या मण्यांची तोरणं करते, तिच्याकडून मी काचमणी उसने आणले. बरणी घेतली लोणच्याची, चिनी मातीची, घासून उन्हात वाळवलेली. लोणच्याचा वास काही गेला नाही, पण निकालावर त्याचा परिणाम होत नाही.

बरणीत 100 मणी घालायचे: 50 लाल, 45 निळे आणि 5 पिवळे. न बघता एक काढायचा, रंग वहीत लिहायचा, मणी परत आत टाकायचा, बरणी हलवायची आणि पुन्हा हात घालायचा. असं दहा वेळा. समजा, वहीत सहा लाल आणि चार निळे लागले. मग बरणी रिकामी करून याच प्रमाणात पुन्हा भरायची, म्हणजे 60 लाल, 40 निळे. ही झाली दुसरी पिढी. पिवळा गेला. कोणी त्याला हाकललं नाही, त्याच्यात खोटही नव्हती. हाताला लागला नाही, एवढंच. दहा खेपांत तो एकदाही न लागण्याची शक्यता साठ टक्के असते. खेपा शंभर घेतल्या असत्या, तर ती एक टक्क्याहूनही खाली आली असती. बाकी सगळं तेच, फक्त मोजके मणी काढण्याऐवजी पुष्कळ काढले, की बिचाऱ्या पिवळ्याची सोय होते.

आत्या शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "लाल फार झाले रे, आता निळे येतील बघ." सगळ्यांनाच असं वाटतं; लॉटरीचा धंदा त्यावरच चालतो. पण बरणीला मागचं काही आठवत नाही. आपण पन्नास-पंचेचाळीसवरून निघालो होतो हे तिच्या गावीही नसतं. आता 60-40 हीच तिची सुरुवात, पुढच्या खेपेला 70-30 होईल नाहीतर 50-50. असं हेलकावे खात खात एक दिवस बरणीत एकच रंग उरतो, आणि मग कितीही हात घाला, खेळ संपलेला असतो. तो रंग कोणता, याचा अंदाज मात्र सोपा आहे. जो आज शंभरात साठ आहे, तो शेवटी एकटा उरण्याची शक्यताही शंभरात साठच. पहिल्या बरणीत पिवळ्यालाही शंभरात पाच अशी आशा होती.

मण्याच्या जागी जनुकाचा एखादा प्रकार धरा आणि बरणीच्या जागी प्राण्यांचा कळप. जीवशास्त्रात याला जनुकीय विचलन म्हणतात. अट एकच, सगळे मणी बोटाला सारखेच लागले पाहिजेत. आत्याच्या डब्यात चुकून चार टपोरे मोती आले होते. बोटं बरोबर त्यांनाच चिमटीत धरत. ते विचलन नव्हे, ती निवड. ते खातं डार्विनसाहेबांचं, त्यात मी पडत नाही.

हा खेळ कोणी खऱ्या जिवांवर खेळलंय का? पीटर ब्युरी नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1956 साली त्याचा निकाल छापला. त्याने फळमाश्यांच्या 107 बाटल्या मांडल्या होत्या. प्रत्येक पिढीत प्रत्येक बाटलीत आठ नर, आठ माद्या, तेही न निवडता उचललेले. डोळ्यांच्या रंगाच्या एका जनुकाचे दोन प्रकार सगळीकडे निम्मे-निम्मे होते, आणि कोणत्या माशीकडे काय आहे ते तिच्या डोळ्यांवरूनच ओळखता येई. एकोणीस पिढ्यांनंतर 30 बाटल्यांतून एक प्रकार साफ गेला होता, 28 बाटल्यांतून दुसरा. खाणंपिणं सारखं, सुरुवात सारखी, तरी शेजारशेजारच्या बाटल्यांचं नशीब उलटं.

आता बरणीला अरुंद मान लावू, म्हणजे कळप काही काळ मूठभरांवर येऊ देऊ. मेक्सिकोपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्यावर उत्तरेकडचे एलिफंट सील राहतात. नराचं वजन दोन टनांच्या घरात, नाक सोंडेसारखं लोंबणारं. चरबीच्या तेलासाठी एकोणिसाव्या शतकात त्यांची एवढी कत्तल झाली की ते संपले असंच लोक समजू लागले. 1892 मध्ये ग्वादालूप बेटावर शास्त्रज्ञांच्या एका मोहिमेला मूठभर सील दिसले. त्यातले सात त्यांनी मारले, संग्रहालयासाठी. दुर्मीळ वस्तू जपून ठेवायला हवी ना! तरीही काही वाचले. तळाशी किती उरले होते याचे अंदाज वीसपासून शंभरापर्यंत आहेत. मेक्सिकोने 1922 मध्ये संरक्षण दिलं, आणि आज त्यांची संख्या दोन लाखांच्या वर आहे.

वीसच उरले असं धरलं, तरी गणित आधी धीर देतं. प्रत्येक जनावराकडे दर जनुकाचे दोन मणी, एक आईकडचा, एक बापाकडचा. म्हणजे चाळीस मणी. अशा एका पिढीत विविधतेचा फक्त चाळिसावा भाग जातो. दुर्मीळ रंग जातात ते जातातच, पण मुख्य रंग एका फटक्यात पुसले जात नाहीत. घात करतं ते त्या मानेत बराच काळ अडकून राहणं, आणि दुसरं म्हणजे सीलांची घरगुती व्यवस्था. किनाऱ्यावर एखादा दांडगा नर बाकीच्यांना हुसकावून माद्यांचा अख्खा ताफा ताब्यात ठेवतो. वीसांत 18 माद्या आणि बाप होणारे नर दोनच असले, तर जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाचा अर्धा वाटा दोघांच्या मिळून चार मण्यांतून येणार. हिशेब मांडला की वीस जनावरांचा हा कळप सातांच्या कळपासारखा वागतो. डोकी वीस, पण बरणीच्या लेखी सात. मग दर पिढीला चाळिसावा नव्हे, साधारण चौदावा भाग गळतो.

1974 साली बॉनेल आणि सेलँडर यांनी 159 सीलांच्या रक्तातली प्रथिनं तपासली. पद्धत बघायला मजेची आहे. पिष्टाच्या जेलीत रक्ताचे थेंब घालून वीजप्रवाह सोडायचा. प्रथिनाचे वेगवेगळे प्रकार वेगवेगळ्या अंतरावर जाऊन थांबतात, आणि रंग दिला की पट्टे उमटतात. दोन तऱ्हा असतील तर पट्टे पुढेमागे पडतात. त्यांनी 24 जनुकस्थानं पाहिली. एकशे एकोणसाठ सीलांचे पट्टे एका रेघेत! कुठेही दुसरा रंग नाही. ही जातच मुळात एकरंगी असेल, अशी शंका कोणी घेईल. पण दक्षिणेकडच्या एलिफंट सीलांत, म्हणजे याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेत, विविधता सापडते. शिवाय कत्तलीआधीच्या जुन्या अवशेषांतून काढलेल्या डीएनएत आजच्याहून जास्त प्रकार मिळाले. मणी होते, मानेत सांडले.

संख्या वाढली म्हणून ते परत येत नाहीत, कारण बरणी भरते ती उरलेल्याच रंगांनी. इलिनॉयमधल्या प्रेअरी चिकन पक्ष्यांवर असाच प्रसंग आला. अंडी निम्मीसुद्धा उबेनात. तेव्हा कॅन्सस, नेब्रास्का आणि मिनेसोटाहून पक्षी आणून सोडले, आणि अंडी पुन्हा उबू लागली. सीलांना ती सोय नाही. दुसरीकडे भरलेली बरणीच नाही, आणि दक्षिणेकडचे सील वेगळ्या जातीचे. राहता राहिलं उत्परिवर्तन. ते एखाद्या मण्याचा रंग क्वचित बदलतं, पण त्याला हजारो पिढ्यांची सवड लागते. तोवर तीच सोंड, तेच भांडण, आणि दर हिवाळ्यात किनाऱ्यावर नव्या पिल्लांची तीच गर्दी.