पर्यायशब्दराव

पर्यायशब्दराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीवर पीएच.डी. करतात आणि हल्ली बगलेत कायम शब्दकोश असतो. कारण असं, की तिसऱ्या प्रकरणात त्यांना स्वतःच्याच एका छापील लेखातला परिच्छेद हवा आहे आणि ग्रंथालयातलं सॉफ्टवेअर तो लगेच पकडतं.

"माझ्याच घरात मी चोर कसा?" असं त्यांनी आधी स्टाफरूमभर विचारून घेतलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली याचं उत्तर देऊन ठेवलंय: स्वतःचं आधी प्रसिद्ध झालेलं लेखन पुरेसा संदर्भ न देता पुन्हा वापरणं मान्य नाही. परीक्षक प्रबंध वाचतो तो हे काम नवं आहे असं धरून, आणि जुनं काय ते त्याला कोणीतरी सांगायला नको का? रावांनी त्यातला 'संदर्भ' हा शब्द सोडला आणि 'मान्य नाही' तेवढं धरलं. मग आयोगाच्याच २०१८ च्या नियमावलीत त्यांना दोन रत्नं सापडली. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे एक. ते त्यांना रेशनच्या साखरेसारखं हक्काचं वाटू लागलं. दुसरं म्हणजे सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे धरायचे नाहीत. ही सवलत 'शेतकऱ्यांच्या उत्पन्नात वाढ होण्याच्या दृष्टीने' अशा कुणाच्याही लेखणीतून येणाऱ्या मजकुरासाठी. राव मात्र बोटांवर शब्द मोजत बसले आणि दर तेरा शब्दांनंतर एक बदलू लागले; मग हात बसला तसे जवळजवळ सगळेच.

मूळ परिच्छेद साधा होता. 'चाळीतल्या कांद्याची घट तीन प्रकारे होते: वजन कमी होतं, कांदा सडतो आणि कोंब येतात. पावसाळा लागल्यावर सड वाढते.' रावांच्या हातून तो असा बाहेर पडला: 'संचयगृहातील पलांडूचा ऱ्हास त्रिविध असतो: भार न्यून होतो, नासाडी होते व अंकुरण घडते. पर्जन्यकाळी नासाडी वृद्धिंगत होते.'

सॉफ्टवेअर गप्प झालं. राव खूश. पण शेजारच्या तक्त्यात रकाने होते 'वजनघट', 'सड', 'कोंब' आणि खाली 'एकूण घट'. मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, 'नासाडी म्हणजे फक्त सड की एकूण घट? आकडा कुठला?' गाडी शब्दकोशाच्या रस्त्याने गेली की इथेच रुतते. पारिभाषिक शब्द बदलायचे नसतात; बदलले की मोजलेली वस्तूच बदलते. शिवाय एवढा खटाटोप करूनही लेख आधी छापून आलाय हे प्रकरणात कुठेच नव्हतं. म्हणजे साम्य लपलं, दोष तसाच राहिला.

शेवटी ग्रंथपालबाईंनी त्यांना समोर बसवलं.

"सर, तो लेख आधी मिटा. लेखात काय सांगायचं होतं?"

"सड पावसाळ्यात वाढते."

"आणि प्रकरणात?"

राव थांबले. प्रकरणात त्यांना सांगायचं होतं की कोणत्या चाळीत ती आधी सुरू झाली. लेखाला दिलेल्या पानांत ते मावलं नव्हतं.

"मग तेच लिहा. वहीतल्या नोंदी समोर ठेवा, लेख नको."

तासाभराने कागदावर आलं ते असं: 'सड पावसाळ्यात वाढते हे संशोधकाने आपल्या आधीच्या लेखात नोंदवले आहे.' पुढे कंसात लेखाचं साल. 'इथे प्रश्न पुढचा आहे. बाजूंनी वारा खेळणाऱ्या आणि बंदिस्त, अशा दोन प्रकारच्या चाळींतील सड वेगवेगळी मांडली आहे.' घट, सड, कोंब सगळे आपापल्या नावाने परत आले. वजन कसं केलं, त्याची दोन वाक्यं बदलण्यासारखी नव्हतीच. ती अवतरणचिन्हांत, लेखाचा पृष्ठक्रमांक देऊन, जशीच्या तशी ठेवली. प्रकरणाच्या पहिल्या पानावर तळटीप आली, की यातला काही भाग अमुक लेखावर आधारित आहे आणि मार्गदर्शक त्या लेखाचे सहलेखक आहेत. नियतकालिकाची परवानगी मागणारं पत्रही बाईंनी तिथेच लिहून घेतलं. छापलेल्या मजकुराचे हक्क बरेचदा आपल्याकडे उरलेले नसतात.

नवा अहवाल आला. लेखाशी जुळलेली ती दोन वाक्यं बाईंनी दाखवली आणि म्हणाल्या, "ही दिसू द्या. अवतरण आहे, संदर्भ आहे. अवतरणं धरायची नसतात." रावांना मात्र ती पिवळी पट्टी पाहवेना.

नियमावलीत शेवटी त्यांना आवडेल असं एक कलम निघालंच: ऋणनिर्देश तपासणीतून वगळलेला असतो. रावांनी त्याच संध्याकाळी आपल्या एम.फिल.च्या प्रबंधिकेतलं ऋणनिर्देशाचं पान जसंच्या तसं टाइप केलं, एक शब्द न मोजता, आणि कौतुकाने बायकोपुढे ठेवलं.

तिने चष्मा लावून शेवटची ओळ वाचली. "अहो, इथे माझ्या नावापुढे 'नियोजित वधू' आहे. मुलगा बारावीला बसलाय, त्याला काय सांगू?"