पहिली सुपारी कशी घ्यावी

ज्या हौशी छायाचित्रकाराच्या संग्रही भिगवणचे रोहित, कासची फुलं आणि घाटावर विडी ओढणारा एक निनावी म्हातारा एवढा ऐवज जमा झाला आहे, त्याला कधी ना कधी एक फोन येतो. फोनवर आईच्या भिशीतल्या काकू असतात. ‘अरे, पुढच्या महिन्यात नातीचं बारसं आहे. तू मोठा कॅमेरा घेऊन ये. आणि फुकट नको हं, काय ते पैसे सांग.’ प्रस्तुत मार्गदर्शिका याच क्षणासाठी आहे. उमेदवाराने ताबडतोब ‘हो’ म्हणू नये, ‘संध्याकाळी कळवतो’ म्हणावे. व्यावसायिकपणाची ही पहिली पायरी असून तिला खर्च येत नाही.

प्रथम पात्रता. उमेदवार सहसा आपला सर्वोत्तम फोटो काढून बघतो आणि पात्र ठरतो. ही पद्धत रद्द समजावी. रोहित पक्ष्याने आजवर कुणालाही ‘यात मी जाड दिसतेय’ असे सांगितलेले नाही, आणि त्याचा फोटो हुकला तर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येते. बारशात आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ते एकदाच, तेही दोन सेकंदांत, आणि त्याच वेळी चार बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला पुढे सरसावलेल्या असतात. उमेदवार मागे उभा असेल तर त्याच्या वाट्याला चार पाठी आणि एक अंबाडा येतो. म्हणून चाचणी अशी: नात्यातल्या एखाद्या कार्याला, जिथे आपल्यावर कुणाची भिस्त नाही तिथे, यजमानांना विचारून कॅमेरा न्यावा. नेमलेला फोटोग्राफर असेल तर त्याच्या पायात येऊ नये. जाण्यापूर्वी कागदावर आठ प्रसंग लिहावेत: सजवलेला पाळणा, गोविंद-गोपाळ करताना पाळण्याखालून जाणारं बाळ, कानातलं नाव, दोन्हीकडच्या आज्या, असे. घरी आल्यावर आठांपैकी किती प्रसंगांत चेहरा स्पष्ट आणि डोळे उघडे आहेत, एवढेच मोजावे. सात आले तर वेगळ्या हॉलमध्ये पुन्हा एकदा करावे. दोन्हीकडे सात आले तर पात्र. चार आले आणि त्यातला एक अप्रतिम असला, तर उमेदवार कलावंत आहे. त्याने पैसे घेऊ नयेत.

वेगळा हॉल का, तर उजेडासाठी. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये निसर्गाचा उजेड नसतो. वर स्वस्तातले एलईडी, खाली गुलाबी पडदे, मध्ये फुग्यांची कमान. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात, डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर 1/500 वर ठेवणाऱ्या उमेदवाराला फोटोत आडवे काळपट पट्टे मिळतात आणि तो ते घरी आल्यावर बघतो. 1/100 वर पट्टे जवळपास जातात, पण धपाटे घालणारे हात किंचित हलतात. हललेले हात लोकांना चालतात, पट्टे चालत नाहीत. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स अशा हॉलमध्ये अपुरी पडते. एफ 1.8 ची पन्नास मिलिमीटरची लेन्स किंवा छताकडे तोंड केलेला फ्लॅश, यातले एक तरी हवेच. छत पांढरे आहे ना, हे आदल्या दिवशी जाऊन बघावे. पिवळ्या छतावरून परतलेला उजेड सगळ्या घराण्याला कावीळ झाल्यासारखे दाखवतो.

शेवटचा प्रश्न: भर कार्यात कॅमेरा बंद पडला तर? ‘पडणार नाही’ हे उत्तर ग्राह्य धरले जात नाही. दुसरा कॅमेरा मित्राचा वा भाड्याचा, दुसरी बॅटरी, दुसरे कार्ड.

आता दर. उमेदवार इथे डोळे मिटून ‘दोन हजार’ म्हणतो, कारण ‘दोनच तासांचं तर काम आहे’. उदाहरणादाखल हिशेब मांडू. कार्य दोन तास. जाणे-येणे आणि लवकर पोहोचणे दीड तास. चारशे फोटोंतून शंभर निवडायला एक तास. शंभर फोटो नीट करायला, दर फोटोला दोन मिनिटे धरली तरी, साडेतीन तास. पाठवणे आणि काकूंचे फोन मिळून एक तास. झाले नऊ तास. तासाला 300 रुपये धरले तर 2,700. दुसऱ्या कॅमेऱ्याचे भाडे 1,000, रिक्षा 400. आपला ऐंशी हजारांचा संच शंभर कार्यांत झिजेल असे मानले तर कार्यागणिक 800. बेरीज 4,900. दुरुस्त्यांसाठी थोडे वर ठेवून 5,500 सांगावेत.

याच हिशेबात दोन हजार घालून बघावेत. भाडे, रिक्षा आणि झीज मिळून 2,200 होतात. म्हणजे उमेदवाराने नऊ तास राबून काकूंच्या नातीला वर दोनशे रुपयांचा आहेर केला. आहेर करायला हरकत नाही, पण तो पाकिटात घालून, नाव लिहून द्यावा.

मग गावातल्या दोन स्टुडिओंत अशाच बारशाचा दर विचारावा. ते आठ हजार सांगत असतील तर नवख्याचे साडेपाच योग्य. ते चार हजारांत करत असतील तर त्यांना तोटा होतो आहे असे समजू नये. त्यांना नऊ तास लागत नाहीत. आपला दर जास्त नसून आपला हात हळू आहे. तिथे फोटोंची संख्या कमी करावी, नाहीतर आणखी सहा महिने रोहित पक्ष्यांकडे जावे.

काकू म्हणतील, ‘अरे, घरचंच आहे, काहीतरी कमी कर.’ रक्कम कमी करू नये, काम कमी करावे. ‘काकू, चार हजारांत एक तास आणि साठ फोटो होतील.’ यावर बहुतेक काकू दोन तासच घेतात, कारण नाव नेमके किती वाजता ठेवले जाईल हे गुरुजींनाही माहीत नसते.

ठरलेले व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवावे: दोन तास, पुढच्या तासाला हजार, शंभर फोटो दहा दिवसांत, अल्बमचा खर्च वेगळा, अर्धे पैसे आधी, उरलेले फोटोंची लिंक देण्यापूर्वी. आणि एक ओळ, जी कुणीच लिहीत नाही: ‘यातले काही फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकेन का?’ कारण 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. फुकट काढले असते तर हक्क उमेदवाराचा राहिला असता. साडेपाच हजार घेतल्यामुळे तो काकूंचा झाला. तेव्हा इन्स्टाग्रामवर बाळ टाकण्याआधी बाळाच्या आईचा होकार लेखी घ्यावा.

फोटो पोहोचल्यावर काकूंचा संदेश येईल: ‘खूप छान! फक्त मोठ्या ग्रुपमध्ये ह्यांचे डोळे मिटलेत.’ दुरुस्तीसाठी वर ठेवलेले पैसे याचसाठी होते. ग्रुप फोटोचे एकाच जागेवरून निदान सहा क्लिक घेतलेले असावेत; काकांचे उघडे डोळे सहसा पाचव्यात सापडतात, मात्र त्यात काकूंचे मिटलेले असतात. अशा वेळी पाचव्यातले काका चौथ्यात नेऊन बसवावेत, आणि पुढच्या सुपारीच्या हिशेबात त्यासाठी अर्धा तास जास्त धरावा.