धाकट्या भावाने जमिनीवर पाणी का सोडले?

पाण्याबद्दल आमच्या मार्गासनीच्या मुलांना कोणी काही शिकवावं, अशी परिस्थिती नाही. वेल्ह्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटेल. राजगडाकडून एकदा ढग उतरले की गुंजवणी फुगते, खाचरं तुडुंब भरतात, आणि पाचवीतलं पोरसुद्धा बांधाला तोंड पाडून वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडतं. तरीही याच पोरांचे दोन गुण पाण्याच्याच प्रश्नात जातात. हा प्रकार मी बरीच वर्षं पाहत आलोय आणि आता तो सविस्तर नोंदवणं मला भाग आहे. चहा घ्या आणि प्रकरण नीट ऐका.

शिष्यवृत्ती परीक्षेचा पहिला पेपर भाषा आणि गणिताचा असतो. पंच्याहत्तर प्रश्न, दीडशे गुण, नव्वद मिनिटं. त्यात मराठीचे पंचवीस प्रश्न, आणि त्यांत वाक्प्रचार हमखास येतात. पुढे हीच मुलं मोठी होऊन पोलीस भरतीसाठी साखरच्या रस्त्यावर पहाटे धावायला लागतात, तेव्हा लेखी परीक्षेत तेच वाक्प्रचार पुन्हा समोर उभे राहतात. तलाठी भरतीत तर शंभरातले पंचवीस प्रश्न मराठीचे. म्हणजे दहाव्या वर्षी सुरू झालेला हा जाच पंचविशीपर्यंत सुटत नाही.

आता मूळ प्रकरण. सराव प्रश्नसंचात असतो तसा एक प्रश्न घेऊ. वाक्य आहे, 'धाकट्या भावाने वडिलोपार्जित जमिनीवर पाणी सोडले.' अर्थ विचारलाय. पर्याय असे: (1) जमीन ओलिताखाली आणली, (2) हक्क सोडून दिला, (3) केलेले श्रम वाया गेले, (4) जमीन परत मिळवली.

आमच्याकडचं पोर पहिल्या पर्यायाचं वर्तुळ काळं करतं. का करणार नाही? पाणी, जमीन आणि सोडणं या तिन्ही गोष्टी त्याने स्वतः हाताने केलेल्या असतात. त्याच्या अनुभवाला उत्तरपत्रिकेत शून्य किंमत. बरोबर उत्तर दुसरं. याचा अर्थ, ज्याने शेतात कधी पाऊल टाकलं नाही त्याला इथे फसायला जागाच नाही आणि शेतकऱ्याच्या मुलाला मात्र हमखास आहे. हा अन्याय आहे आणि मी त्याला अन्यायच म्हणणार.

पण नुसता निषेध नोंदवून गुण मिळत नाहीत. म्हणून मी मुलांना हे वाक्य पुन्हा वाचायला लावतो आणि विचारतो, आपण पाणी कुठे सोडतो? उत्तर येतं, खाचरात. पिकाला. रोपांना. बरोबर. आपण जमिनी'वर' पाणी सोडत नाही. खऱ्या पाण्याला 'त' लागतो किंवा 'ला' लागतो. 'वर' आला की ते पाणी खाचरातलं राहत नाही. आशेवर पाणी सोडलं, वाट्यावर पाणी सोडलं, जमिनीवर पाणी सोडलं. प्रत्यय बदलला की अर्थाने गाव बदललं, हे मुलांना लगेच कळतं. दुर्दैव एवढंच की प्रश्नसंचाच्या मागे छापलेल्या अर्थांच्या यादीत हा 'वर' नसतो. तिथे नुसतं 'पाणी सोडणे' एवढंच लिहितात आणि मुलं तेवढंच पाठ करतात.

मग हे पाणी आलं कुठून? दानातून. दान देताना हातावरून पाणी सोडतात, आणि ते सोडलं की दिलेली वस्तू आपली राहिली नाही असं मानतात. आज बहिणीने किंवा भावाने हिस्सा सोडला तर दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, मग तलाठ्याकडे फेरफार. पूर्वीच्या दानात तेच काम ओंजळभर पाण्याने होत होतं. हे एकदा सांगितलं की मूल दुसरा पर्याय आपण होऊन निवडतं आणि पुन्हा कधी विसरत नाही. शब्दांच्या तुकड्यांवरून अर्थ काढता येतो, नाही असं नाही. फक्त ते तुकडे कोणत्या प्रसंगातले, शेतातले की पूजेतले, हे आधी ओळखावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाला ते कोणी सांगायचं, याबद्दल मात्र कोणत्याही परिपत्रकात एक ओळ नाही.

उरलेल्या तीन पर्यायांचीही चौकशी व्हायला हवी, कारण ते तिथे सहज आलेले नाहीत. पहिला पर्याय शब्दशः अर्थाचा आहे. मूळ वाक्प्रचारातलाच शब्द किंवा त्याचं काम तो पुन्हा सांगतो. पाण्याच्या वाक्प्रचाराला ओलिताचा पर्याय दिसला की आधी त्याच्यावर संशय घ्यावा. तिसरा पर्याय शेजाऱ्याचा. श्रम वाया जाणं हा खराखुरा अर्थ आहे, पण तो 'पाणी फिरणे' याचा. यादी घाईघाईने पाठ केलेली हुशार मुलं नेमकी इथे सापडतात, कारण हा अर्थ त्यांनी पाण्याच्याच आसपास वाचलेला असतो. चौथा सरळ उलटा. तो खोडायला फार कष्ट नाहीत, पण वेळेची टंचाई असली की तोही एखाद्याला ओढून नेतो.

शेजाऱ्याचा त्रास सगळ्यात मोठा, आणि पाण्याच्या घरात शेजारी फार. एखाद्याला पाणी पाजलं म्हणजे त्याला हरवलं. पाण्यात पाहिलं म्हणजे त्याचा द्वेष केला. त्याचं पाणी जोखलं म्हणजे त्याची कुवत ओळखली. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणजे प्रकरणात लपवाछपवी आहे. देव पाण्यात घालून बसलं म्हणजे एखादी गोष्ट घडावी म्हणून आतुर होऊन वाट पाहिली. 'पाण्यात पाहणे' विचारलं की पर्यायांत 'देवाची प्रार्थना करणे' हळूच आणून बसवतात. दोन्हीकडे 'पाण्यात' आहे, त्यामुळे मूल बुडतं. इथे क्रियापद पकडावं लागतं. पाहणं माणसाकडे असतं, घालणं देवाला असतं. 'तो मला पाण्यात पाहतो' या वाक्यात 'पाण्यात पाहतो'च्या जागी 'देवाची प्रार्थना करतो' बसवून बघा, वाक्यच उभं राहत नाही. पर्याय मूळ वाक्यात घालून मोठ्याने वाचणं हा खोडण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. परीक्षेच्या वर्गात मोठ्याने वाचायला बंदी आहे, तेव्हा ओठ मिटून वाचावं.

काही वाक्प्रचार त्यामानाने सभ्य आहेत. भीती वाटली की तोंड खरोखरच कोरडं पडतं, म्हणून तोंडचं पाणी पळालं म्हणजे घाबरला. चिंच पाहिली की तोंडाला पाणी खरोखरच सुटतं, म्हणून हाव सुटली. अंगाला जे प्रत्यक्ष होतं त्यावरून निघालेला वाक्प्रचार मुलाला स्वतःच्या शरीरावर तपासता येतो. असे प्रश्न चुकले तर मीही मुलाची बाजू घेत नाही.

पण 'पाचावर धारण बसणे' यासारख्या वाक्प्रचाराला काय म्हणावं? अर्थ, खूप घाबरणे. यातली धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. महागाईत भाव चढून पाचावर येऊन बसला की लोकांची गाळण उडायची, असं सांगतात. हा शब्द आता भोरच्या बाजारातही कोणी बोलत नाही. मुलाच्या ओळखीची एकच धारण आहे, मौन धारण करणे यातली. प्रश्न काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून पर्यायांत 'मौन धारण करणे' आणि 'पाच जणांनी एकमत करणे' हे दोघे तयारच असतात. चौथा 'धीर धरणे', कारण धारणातून धरणं ऐकू येतं.

इथे शब्दांचे तुकडे करून काहीच हाती लागत नाही, उलट तुकडेच फसवतात. तरी एक धागा सापडतो. वाक्य असं असतं, 'वाघ पाहताच त्याची पाचावर धारण बसली.' बसली. म्हणजे ही धारण स्त्रीलिंगी आहे, आणि ती आपण होऊन बसते. मौन धारण माणूस स्वतः करतो, तिथे 'केले' येतं. ही दोन वेगळी माणसं आहेत हे क्रियापदानेच सांगून टाकलं. मग वाघाकडे बघायचं. वाघासमोर पाच जणांचं एकमत कशाला व्हावं? धीर धरला तर 'त्याची' कशाला, 'त्याने' हवं. एकेक पर्याय गळतो आणि घाबरणं उरतं. अर्थ माहीत नसताना उत्तर बरोबर येतं. मी याला विद्या म्हणत नाही, पण दोन गुण हातचे जात नाहीत.

आता लक्षात घ्या, हे सगळं कशामुळे शक्य झालं? वाक्य दिलं होतं म्हणून. 'वर', 'बसली', 'त्याची', वाघ, हे सगळे साक्षीदार वाक्यात होते. आणि माझी मुख्य तक्रार इथेच आहे. कितीतरी प्रश्नांत वाक्यच नसतं. नुसतं लिहिलेलं असतं, 'हात दाखवणे', आणि खाली चार पर्याय. आमच्या फाट्यावर एसटीला हात दाखवतात. जत्रेत ज्योतिषाला हात दाखवतात. तापात डॉक्टरला दाखवतात. भांडणात एकाने दुसऱ्याला हात दाखवला तर मार दिला, आणि व्यवहारात दाखवला तर फसवलं. मार देणे आणि फसवणे हे दोन्ही पर्याय एकाच प्रश्नात आले तर मुलाने कोणाचं नाव घ्यायचं? साक्षीदाराला गावाबाहेर पाठवून खटला चालवायचा आणि निकाल मुलाविरुद्ध लावायचा, ही कुठली रीत?

यात मुलाची चूक शोधायला मी तयार नाही. वाक्याशिवाय वाक्प्रचार म्हणजे शेताशिवाय सातबारा. दाते आणि कर्व्यांनी 1942 आणि 1947 साली महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन विभाग काढले. असा कोश उघडला की एकेका वाक्प्रचाराचे अनेक अर्थ पाहायला मिळतात. कोशकारांना जे मान्य होतं ते चार पर्यायांच्या चौकटीत का मान्य होऊ नये?

म्हणून विनंती अशी. वाक्प्रचाराचा प्रत्येक प्रश्न पूर्ण वाक्यासह छापावा. अर्थांच्या याद्या काढणाऱ्यांनी 'पाणी सोडणे' न लिहिता 'एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे' असं प्रत्ययासकट लिहावं. आणि पालकांनो, परीक्षेनंतर आधी तात्पुरती उत्तरसूची जाहीर होते आणि तिच्यावर ठरलेल्या मुदतीत आक्षेप घेता येतो. मुदत संपल्यावर ओट्यावर बसून माझ्याकडे गाऱ्हाणं घालू नका. दोन पर्याय बरोबर दिसले तर कोशातल्या पानाचा आधार जोडा आणि आक्षेप मुदतीत नोंदवा.