अर्ध्या इंचाचं बारसं

तमाम गिऱ्हाईकांना कळवण्यास आनंद होतो की, चांदूर बाजारातलं आमचं आजोबांच्या नावाचं हार्डवेअरचं दुकान नव्या नावानं, ऑनलाइन, आपल्या सेवेत रुजू होत आहे. हे वाक्य पुतण्याचं. माझा हात फक्त 'आनंद' या शब्दाला लागला. तो ठेवावा की काढावा, यात माझे दोन दिवस गेले.

नव्या नावात एक्स आहे, झेडही आहे. ते पाटीवर इंग्रजीत मोठ्ठं झळकावं अशी त्याची फार इच्छा. पण २०२२ पासून आमच्यासारख्या लहान दुकानालाही देवनागरी पाटी लागते आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीहून बारीक चालत नाही. पेंटर शिडीवरून म्हणाला, "भाऊ, हे मराठीत कसं लिवू? वाचताच येऊन नाही राह्यलं." आजोबांचं नाव वाचायला कोणी अडलेलं मला आठवत नाही. अर्थात ते उधारीच्या वहीवरही होतं.

खरी पंचाईत वेबसाइटवर माल चढवताना झाली. पुतण्यानं लोखंडी पाइपचा तुकडा घेतला, व्हर्नियर लावलं आणि ओरडला, "काका, फसवणूक! अर्धा इंच म्हणता, हा बाहेरून एकवीस मिलिमीटर आहे!" आहेच. अर्धा इंच म्हणजे साडेबारा मिलिमीटरच्या आसपास, आणि या पाइपात ते माप कुठंच सापडत नाही. आतून पाहिलं तरी पंधरा-सोळा भरतो. पूर्वीच्या जाड पाइपाचं भोक अर्ध्या इंचाच्या आसपास असायचं. पुढं पत्रा पातळ झाला, पण आटे जुन्याच फिटिंगला बसायला हवेत म्हणून बाहेरचं माप तसंच राहिलं आणि भोक मोठं झालं. अर्धा इंच हे त्याचं माप नाही, पाळण्यातलं नाव आहे. आमच्या गल्लीतला 'बारक्या' आज नव्वद किलोचा आहे, त्यातलाच प्रकार.

पुतण्यानं इमानदारीनं '२१ मिमी पाइप' लिहिलं. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मग 'अर्धा इंच' लिहिलं, तर एकानं प्लास्टिकच्या सीपीव्हीसी पाइपाकरता लोखंडी एल्बो मागवला. नाव तेच, पण तो पाइप बाहेरून जेमतेम सोळा मिलिमीटर. एल्बोत तो घंटेतल्या लोलकासारखा हलत होता. माल परत आला, भाडं आमच्या अंगावर.

फोटोत तर अर्ध्या इंचाचा एल्बो नि दोन इंचाचा एल्बो जुळे भाऊ दिसतात. अंदाज यावा म्हणून बाबांनी शेजारी संत्रं ठेवलं. पुतण्या म्हणाला, "आजोबा, आंबिया बहाराचं की मृगाचं, तेही लिहावं लागंल."

परवा नव्या पाटीखाली एक शेतकरी उभा राहिला. पाटीकडं पाहिलं, मोबाइलकडं पाहिलं, आणि पिशवीतून फुटका एल्बो काढून बाबांपुढं ठेवला. "मालक, याच्यावानी द्या."

बाबांनी न बघताच मागच्या खणात हात घातला.